हिशेबात नफा, मूल्यात तोटा : व्यवस्थापकासाठी टिपणाची मांडणी

हिशेबाच्या पुस्तकात दरवर्षी नफा दाखवणारा प्रकल्प मालकांची संपत्ती घटवू शकतो, ही गोष्ट वित्त विभागातील विश्लेषकाच्या परिचयाची असली, तरी ज्याच्या सहीने प्रकल्प मंजूर व्हायचा असतो त्या व्यवस्थापकाला ती बहुधा न पटणारी वाटते. त्याच्यापुढे एका कागदावर पाच वर्षांचा नफा असतो, दुसऱ्या कागदावर निव्वळ वर्तमान मूल्य उणे असल्याचा शेरा असतो, आणि या दोन आकड्यांमध्ये जाण्यायेण्याची वाट मात्र कोणीच दाखवलेली नसते. अशा वेळी व्यवस्थापकाने ओळखीच्या आकड्यावर विश्वास ठेवला, तर त्यात त्याचा दोष फारसा नाही. विश्लेषकाच्या टिपणाचे खरे काम दुसरा आकडा पहिल्यापेक्षा श्रेष्ठ आहे असे बजावण्याचे नसून, पहिल्या आकड्यापासून सुरुवात करून पायरीपायरीने दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याचे आहे. ती वाट कशी बांधावी, याचा विचार पुढे एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

कोल्हापूर परिसरात, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींत, ओतकाम करणाऱ्या फाउंड्री मोठ्या संख्येने आहेत. अशा एखाद्या फाउंड्रीपुढे कच्चे कास्टिंग विकत राहावे की स्वतःचे मशीन शॉप उभारून, कास्टिंगवर मशिनिंग करून तयार भाग विकावा, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. एक कल्पित फाउंड्री घेऊ. तिला सीएनसी यंत्रे आणि त्यांची उभारणी यांसाठी १० कोटी रुपये लागणार आहेत. तयार भाग घेणाऱ्या ट्रॅक्टर कंपनीकडून पैसे येण्यास साधारण ९० दिवस लागतात, म्हणून वाढीव विक्रीच्या उधारीत २ कोटी रुपये सतत अडकून राहतील. हे खेळते भांडवल प्रकल्प संपल्यावर परत मिळेल. मशिनिंगमुळे विक्री दरवर्षी ८ कोटींनी वाढेल आणि मजुरी, वीज, टूलिंग, देखभाल यांचा रोख खर्च ५ कोटी २० लाखांनी वाढेल. ज्या भागासाठी हे सारे करायचे, त्याची मागणी पाच वर्षांची धरली आहे, आणि त्यानंतर यंत्रांची विक्री किंमत शून्य मानली आहे.

आता लेखापालाचे पत्रक पाहावे. ८ कोटींतून ५ कोटी २० लाख वजा जाता २ कोटी ८० लाख उरतात. यंत्रांची किंमत पाच वर्षांत समान भागांत खर्ची टाकायची, म्हणजे दरवर्षी २ कोटी घसारा. उरलेल्या ८० लाखांवर सुमारे २५ टक्के आयकर गेला की ६० लाख करोत्तर नफा राहतो. असा नफा पाचही वर्षे, म्हणजे एकूण ३ कोटी. त्यातच यंत्रांच्या सरासरी पुस्तकी किमतीवर, म्हणजे ५ कोटींवर, हा नफा मोजला तर परतावा नेमका १२ टक्के येतो. कंपनीने नव्या प्रकल्पांसाठी ठरवलेला किमान दरही १२ टक्केच असल्यामुळे व्यवस्थापकाच्या मनात प्रकल्प मंजूर झालेला असतो.

विश्लेषकाचा कागद वेगळ्या वाटेने जातो. घसारा ही रोख रक्कम नव्हे, कारण यंत्रांचे पैसे पहिल्याच दिवशी देऊन झालेले असतात. म्हणून नफ्यात घसारा परत मिळवला की दरवर्षी हाती येणारी रोकड २ कोटी ६० लाख ठरते. सुरुवातीला १२ कोटी बाहेर जातात, पाच वर्षे प्रत्येकी २ कोटी ६० लाख येतात, आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस उधारीत अडकलेले २ कोटी सुटतात. एक वर्षाने मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत १२ टक्के दराने सुमारे ८९ पैसे आणि पाच वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची सुमारे ५७ पैसे होते. या हिशेबाने पाच वर्षांच्या रोकडीचे आजचे मूल्य ९ कोटी ३७ लाख आणि परत येणाऱ्या खेळत्या भांडवलाचे १ कोटी १३ लाख, मिळून सुमारे १० कोटी ५१ लाख येते. बाहेर गेलेले १२ कोटी त्यातून वजा केले की निव्वळ वर्तमान मूल्य उणे १ कोटी ४९ लाख राहते. याच रोकडीवर प्रकल्पाचा अंतर्गत परतावा दर, म्हणजे ज्या दराने निव्वळ वर्तमान मूल्य शून्य होते तो दर, सव्वासात टक्क्यांच्या आसपास निघतो.

टिपणात सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करावी, कारण तिने अर्धा संशय तिथेच मिटतो : दोन्ही कागदांवरची एकूण रक्कम सारखीच आहे. काळाचा विचार बाजूला ठेवून नुसती बेरीज केली, तर प्रकल्पात १५ कोटी येतात आणि १२ कोटी जातात. उरलेले ३ कोटी म्हणजेच लेखापालाचा पाच वर्षांचा एकूण नफा. विश्लेषकाने कोणताही गुप्त खर्च घुसवलेला नाही आणि लेखापालाने काही लपवलेले नाही. फरक पडतो तो एवढ्यानेच, की लेखापालाच्या पत्रकात कर्जाचे व्याज असले तर ते खर्च म्हणून दिसते, पण मालकांनी गुंतवलेल्या पैशाचा मोबदला कोणत्याही ओळीत दिसत नाही. भागधारकांचा पैसा जणू फुकट आला असे धरूनच नफा मोजला जातो, आणि ही लेखाशास्त्राची चूक नसून त्याची मर्यादा आहे.

१२ टक्के हा दर कोठून आला, हेही त्याच ठिकाणी सांगून टाकावे, अन्यथा तो विश्लेषकाने मनाने ठरवलेला वाटतो. समजा कंपनीच्या भांडवलात ४० टक्के वाटा बँकेच्या कर्जाचा आहे आणि त्यावर व्याज १० टक्के आहे. व्याजामुळे आयकर वाचत असल्याने करानंतर ते साडेसात टक्के पडते. उरलेला ६० टक्के वाटा मालकांचा असून तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या व्यवसायात त्यांना १५ टक्के मिळण्याची रास्त अपेक्षा आहे. साडेसातचे ४० टक्के म्हणजे ३ आणि १५ चे ६० टक्के म्हणजे ९, मिळून १२. यालाच भांडवलाचा सरासरी खर्च म्हणतात. या दरात कर्जाचे व्याज आधीच धरलेले आहे, म्हणून रोकड काढताना व्याज पुन्हा वजा करू नये. तसे केले तर एकच खर्च दोनदा लागतो आणि चांगला प्रकल्पही वाईट ठरतो. नकारात्मक निष्कर्षाचे टिपण पाठवण्यापूर्वी विश्लेषकाने स्वतःच्या कागदावर पहिल्यांदा हीच तपासणी करावी.

यानंतर टिपणाचा गाभा येतो. व्यवस्थापकाला ओळखीचे असलेले नफ्याचे पत्रकच पुढे ठेवून त्यात फक्त एक ओळ वाढवावी : वर्षाच्या आरंभी प्रकल्पात गुंतलेल्या भांडवलावर १२ टक्के आकार. पहिल्या वर्षी १२ कोटी गुंतलेले असतात. पुढे दरवर्षी घसाऱ्याइतके, म्हणजे २ कोटींनी, हे भांडवल कमी होत जाते. नफ्यातून हा भांडवली आकार वजा केल्यावर जे उरते त्याला अवशिष्ट नफा म्हणतात. पुढील तक्त्यातील सर्व रकमा लाख रुपयांत आहेत.

| वर्ष | आरंभीचे भांडवल | करोत्तर नफा | भांडवली आकार | अवशिष्ट नफा | त्याचे आजचे मूल्य |
|---|---|---|---|---|---|
| १ | १,२०० | ६० | १४४ | −८४ | −७५.० |
| २ | १,००० | ६० | १२० | −६० | −४७.८ |
| ३ | ८०० | ६० | ९६ | −३६ | −२५.६ |
| ४ | ६०० | ६० | ७२ | −१२ | −७.६ |
| ५ | ४०० | ६० | ४८ | +१२ | +६.८ |

शेवटच्या स्तंभाची बेरीज सुमारे उणे १४९ लाख येते, म्हणजे रोकडीच्या वाटेने काढलेले निव्वळ वर्तमान मूल्यच. हा योगायोग नव्हे. जोवर सर्व वर्षांच्या नफ्याची बेरीज सर्व रोकडीच्या बेरजेइतकी राहते, तोवर घसाऱ्याची पद्धत कोणतीही असली, तरी भांडवली आकार वजा केलेल्या नफ्याचे आजचे मूल्य आणि रोकडीचे निव्वळ वर्तमान मूल्य एकच येते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ वोल्फगांग ल्यूके यांनी १९५५ मध्ये ही समानता मांडली आणि व्यवस्थापन हिशेबात ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. टिपणात नाव आले नाही तरी चालेल, पण तक्ता आलाच पाहिजे, कारण तो पाहिल्यावर व्यवस्थापकाला नव्या भाषेत विचार करावा लागत नाही. त्याच्याच पत्रकातला ६० लाखांचा नफा पहिली चार वर्षे भांडवलाचा मोबदला भागवायलाही पुरत नाही, हे त्याच्या डोळ्यांपुढे येते.

याच तक्त्यावरून परताव्याच्या टक्केवारीतला धोकाही दाखवता येतो, आणि त्यावर टिपणात थोडी जागा खर्च करणे योग्य ठरते. नफा पाचही वर्षे तोच आहे, पण आरंभीच्या भांडवलाशी त्याचे प्रमाण पहिल्या वर्षी ५ टक्के, मग ६, मग साडेसात, मग १० आणि पाचव्या वर्षी १५ टक्के होते. यंत्रे जुनी झाली, त्यांची पुस्तकी किंमत उतरली, एवढ्यानेच प्रकल्प दरवर्षी सुधारत असल्याचा भास होतो. मशीन शॉपच्या प्रमुखाचे मूल्यमापन या टक्केवारीवर होत असेल, तर पाचव्या वर्षी त्याचे कौतुक होईल आणि पहिल्या वर्षी गुंतलेल्या १२ कोटींचा विषय कोणी काढणार नाही. व्यवस्थापकाने धरलेला १२ टक्क्यांचा सरासरी परतावाही असाच फसवा आहे. त्यात उधारीत अडकलेले २ कोटी धरलेले नाहीत; ते धरले तर सरासरी भांडवल ७ कोटी होते आणि परतावा साडेआठ टक्क्यांच्या जरा वर येऊन थांबतो. शिवाय, सरासरी काढताना पहिल्या वर्षीचा आणि पाचव्या वर्षीचा रुपया एकाच किमतीचा मानला जातो, ही उणीव उरतेच. किमान दर आणि सरासरी परतावा हे दोन्ही आकडे १२ असले, तरी तेवढ्याने ते एकमेकांशी तुलनेचे ठरत नाहीत, हे वाक्य टिपणात स्वतंत्रपणे लिहावे.

आकडेमोड बहुधा एक्सेलमध्ये होते आणि तेथे एक चूक वारंवार घडते. एक्सेलचे `NPV` हे सूत्र आपल्याला दिलेल्या पहिल्याच रकमेलाही एक वर्ष उशिराची मानते. त्यामुळे आजची गुंतवणूक त्या सूत्राच्या कंसात टाकली की संपूर्ण उत्तर एक वर्षाने मागे ढकलले जाते. `B2` मध्ये आजची उणे रक्कम आणि `B3` ते `B7` मध्ये पाच वर्षांची रोकड असेल, तर सूत्र पुढीलप्रमाणे लिहावे.

```
=NPV(12%,B3:B7)+B2
```

`B2` कंसात गेला असता, तर उत्तर उणे १ कोटी ४९ लाखांऐवजी उणे १ कोटी ३३ लाख आले असते. चिन्ह बदलले नसते, पण टिपण वाचणाऱ्या एखाद्या लेखापालाने हाताने पडताळणी केली तर आकडा जुळणार नाही, आणि मग बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल.

आयकराच्या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे. वरील मांडणीत पुस्तकातला घसारा आणि आयकरासाठी मान्य होणारा घसारा सारखाच मानला आहे, परंतु प्रत्यक्षात आयकरासाठी यंत्रसामग्रीच्या सर्वसाधारण गटावर घटत्या मूल्याच्या पद्धतीने १५ टक्के घसारा मिळतो. १० कोटींच्या यंत्रांवर पहिल्या पूर्ण वर्षी तो २ कोटी न होता दीड कोटी होतो आणि पुढे कमी होत जातो. त्यामुळे करातली बचत उशिरा मिळते आणि या प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य आणखी खाली जाते. टिपणाच्या मुख्य भागात सोपी मांडणी ठेवून हा फरक खाली एका वाक्यात नोंदवला तरी पुरेसे आहे. मात्र प्रकल्प काठावरचा असेल, तेव्हा खरा कर-घसारा घेऊनच आकडे काढावेत.

रोकड ठरवताना कोणत्या रकमा धरायच्या आणि कोणत्या सोडायच्या, यावर मतभेद होणारच. सल्लागाराला आधीच दिलेली फी प्रकल्प केला किंवा न केला तरी परत येणार नाही, म्हणून ती हिशेबात घेऊ नये. मुख्य कार्यालयाच्या खर्चातला जो वाटा मशीन शॉपच्या माथी मारला जाईल, पण मशीन शॉप नसले तरी कंपनीला करावाच लागेल, तोही घेऊ नये. या दोन्ही गोष्टी वगळल्याने प्रकल्पाची बाजू सुधारते. आपल्याला हवा तो निष्कर्ष येण्यासाठी त्या आत ठेवणारा विश्लेषक विश्वासास पात्र राहत नाही. उलट, मशीन शॉप ज्या रिकाम्या शेडमध्ये उभे राहणार ती शेड भाड्याने देता येत असेल, तर त्या बुडणाऱ्या भाड्याची नोंद नफ्याच्या पत्रकात कोठेही नसली, तरी तो या प्रकल्पाचा खरा खर्च आहे आणि तो धरलाच पाहिजे.

नकार देऊन थांबणारे टिपण अपुरे असते. व्यवस्थापकाला लगेच पुढचा प्रश्न पडतो, की प्रकल्प बसण्यासाठी काय बदलावे लागेल, आणि त्याचे उत्तर याच आकड्यांतून काढता येते. १ कोटी ४९ लाखांची तूट पाच वर्षांवर १२ टक्के दराने पसरली, तर करानंतर दरवर्षी सुमारे ४१ लाख, म्हणजे करापूर्वी सुमारे ५५ लाख जादा मिळायला हवेत. ८ कोटींच्या विक्रीवर ही रक्कम जवळपास ७ टक्के होते. म्हणजे ट्रॅक्टर कंपनीशी दराची बोलणी करणाऱ्याला नेमके उद्दिष्ट मिळते. यंत्रे स्वस्तात मिळवायची, तर १० कोटींची किंमत सुमारे ८ कोटी १८ लाखांपर्यंत खाली यावी लागेल. किंमत घटली की घसाऱ्यामुळे होणारी करबचतही घटते, हे त्यात धरलेले आहे. ग्राहकाने उधारी पूर्णपणे बंद करून रोखीने पैसे दिले, तरी सुधारणा सुमारे ८७ लाखांचीच होते आणि प्रकल्प उणेच राहतो. हे शेवटचे उत्तर व्यवस्थापकाला विशेष उपयोगी आहे, कारण उधारीवर कितीही ताणून बोलणी केली, तरी तेवढ्यावर हा प्रकल्प तरणार नाही, हे त्याला आधीच कळते.

सर्वांत नाजूक गृहीतक आयुष्याचे आहे. यंत्रे पाच वर्षांनी मोडीत निघत नाहीत. संपते ती त्या विशिष्ट भागाची मागणी. तीच यंत्रे तेवढ्याच कामावर सहावे वर्ष चालली, तर घसारा संपल्यामुळे कर वाढेल, वार्षिक रोकड २ कोटी १० लाखांवर येईल आणि खेळते भांडवलही एक वर्ष उशिरा सुटेल; तरीही तूट ५५ लाखांपर्यंत खाली येते. सातवे वर्षही मिळाले, तर निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे २९ लाखांनी धन होते. म्हणून विश्लेषकाने हा मुद्दा टिपणाच्या तळाशी लहान अक्षरांत न लपवता ठळकपणे लिहावा आणि सात वर्षांच्या मागणीचा कोणता लेखी आधार उपलब्ध आहे ते विचारावे. विक्री विभागाची आशा हा आधार नव्हे. खरेदी आदेशाची मुदत, मॉडेल किती वर्षे चालेल याबाबत ग्राहकाचे पत्र, किंवा दुसऱ्या ग्राहकासाठी हीच यंत्रे वापरता येण्याची तांत्रिक खात्री, हे आधार ठरू शकतात.

टिपणाचा आरंभ कसा असावा, याचा एक नमुना असा : ‘मशीन शॉपच्या प्रस्तावात पाच वर्षांत एकूण ३ कोटींचा करोत्तर नफा होतो, परंतु त्यासाठी गुंतणाऱ्या १२ कोटींवर १२ टक्क्यांचा मोबदला धरला असता हा नफा अपुरा पडतो आणि आजच्या किमतीत कंपनीचे सुमारे १ कोटी ४९ लाखांचे नुकसान होते. मशिनिंगच्या दरात सुमारे ७ टक्के वाढ किंवा सात वर्षांच्या मागणीचा लेखी आधार यांपैकी एक मिळाल्याशिवाय प्रस्ताव मंजूर करू नये, अशी शिफारस आहे.’ निष्कर्ष, कारण आणि अट, तिन्ही गोष्टी दोन वाक्यांत आल्यामुळे पुढचे पान न उलटणाऱ्या व्यवस्थापकाच्या हातीही निर्णयाला लागणारे सारे पडते.

या टिपणाला येणारा सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांवर नसतो, तर तुलनेच्या आधारावर असतो. मशिनिंग सुरू केले नाही, तर ट्रॅक्टर कंपनी तयार भाग देणाऱ्या दुसऱ्या फाउंड्रीकडे वळेल आणि आज हातात असलेले कच्च्या कास्टिंगचे कामही जाईल, असे विक्री विभाग म्हणतो. हा आक्षेप भावनिक म्हणून झटकू नये, कारण तो खरा असेल तर ‘प्रकल्प न करणे’ म्हणजे आजची स्थिती कायम राहणे नव्हे. त्या बाजूलाही उतरती रोकड आहे आणि प्रकल्पामुळे वाचणारी ती रोकड प्रकल्पाच्याच खात्यात धरली पाहिजे. कच्च्या कास्टिंगवरचे करापूर्वीचे योगदान, म्हणजे विक्रीतून त्या कामासाठीच लागणारा खर्च वजा जाता उरणारी रक्कम, दरवर्षी ५५ लाखांहून अधिक बुडणार असेल, तर शिफारस उलटते. नेमके तेवढेच विक्री विभागाला विचारावे : कोणते खरेदी आदेश, कोणत्या वर्षापासून, किती टनांचे, आणि त्या टनांवर आज किती योगदान मिळते. उत्तर आकड्यांत आले की तक्त्यात आणखी एक ओळ वाढते आणि निव्वळ वर्तमान मूल्य नव्याने काढता येते.